गाय दुसऱ्याची, विद्या आपली
भूमिहीन घरातील मुला-मुलींसाठी पशुवैद्यक क्षेत्रातील एक वाट

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे समाजबांधव विचारणा घेऊन येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. "साहेब, गाईचं कर्ज मिळतंय म्हणतात. पोराला दोन गाई घेऊन द्याव्यात का?" आपला जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर, दुधाचा जिल्हा आहे. संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी या पट्ट्यात पहाटे रस्त्यावर निघाले की किटल्या आणि दुधाच्या गाड्यांशिवाय दुसरे काही दिसत नाही. तेव्हा हा प्रश्न साहजिकच आहे. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडतो, आणि तोच हिशेब आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दिवसाला १२ लिटर दूध देणारी एक संकरित गाय घेऊ. लिटरला ३२ रुपये भाव धरला तर दिवसाचे ३८४ रुपये येतात. आता खर्च पाहू. अशा गायीला सुमारे ६ किलो सुग्रास लागते. किलोला ३२ रुपये धरले तर १९२ रुपये झाले. हिरवी वैरण २० किलो लागते. साडेतीन रुपये किलोने विकत घेतली तर ७० रुपये. कडबा ५ किलो, ८ रुपयांप्रमाणे ४० रुपये. खनिज मिश्रण, मीठ आणि औषधपाणी यांचे १५ रुपये धरा. एकूण खर्च ३१७ रुपये. हाती राहिले ६७ रुपये, आणि तेही गाय भर दुधात असताना. पुढे दूध हळूहळू कमी होत जाते, पण गायीचे पोट कमी होत नाही. शेवटचे दोन महिने गाय आटवावी लागते. तेव्हा उत्पन्न शून्य असते आणि खाण्याचा खर्च मात्र दिवसाला पावणेदोनशेच्या आसपास चालूच राहतो. गायीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता यात धरलेलाच नाही.

हे आकडे आम्ही हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. आपल्या गावचा भाव घालून प्रत्येकाने ते पुन्हा मांडावेत. पण भाव कोणताही घातला तरी एक गोष्ट बदलत नाही. ज्याच्या बांधावर घास आणि हत्तीगवत आहे, त्याचे वैरणीचे ११० रुपये घरातच राहतात आणि त्याला दिवसाला पावणेदोनशे रुपये सुटतात. ज्याला कडब्याची पेंढीसुद्धा विकत घ्यावी लागते त्याच्या हाती शेण तेवढे उरते. दुधाचा धंदा हा मुळात वैरणीचा धंदा आहे, आणि वैरण जमिनीतून येते.

आपल्याकडे जमीन का नाही, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. महार वतनाची कामे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वाडवडिलांकडून करून घेतली गेली. गावात जनावर मेले की ते ओढून न्यायचे काम आपले, आणि जिवंत जनावराचा मालक दुसरा. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस खाण्याचे सोडा असे निक्षून सांगितले आणि आपल्या माणसांनी ते ऐकले. पण ते सोडून दिल्यावर जनावराशी असलेला आपला संबंधच तुटला. तो नव्याने, ज्ञानाच्या बाजूने जोडता येतो का, हा आजच्या लेखाचा विषय आहे. त्यासाठी गायही लागत नाही आणि जमीनही लागत नाही.

माज ओळखणारा माणूस

गाय दूध देते ती व्याल्यावर. ती वेळेवर गाभण राहिली नाही तर गोठ्याचे सगळे गणित कोलमडते. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि तो माज १२ ते १८ तास टिकतो. तेवढ्या वेळात तिला भरवले नाही तर पुढचे २१ दिवस वाया जातात. वरच्या हिशेबाने भाकड गायीला दिवसाला १७४ रुपये लागत असतील तर एक माज चुकला म्हणजे मालकाचे साडेतीन हजारांहून अधिक रुपये पाण्यात गेले. म्हणून दुधाच्या पट्ट्यात ज्या माणसाला सर्वांत घाईघाईने फोन जातो तो म्हणजे कृत्रिम रेतन करणारा.

आपल्या भागात हे काम नवे नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे 'बायफ' ही संस्था स्थापन केली आणि शेतकऱ्याच्या दारात जाऊन रेतन करण्याची पद्धत तिने रुजवली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गीर, होल्स्टिन आणि जर्सी या तीन जातींच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' ही गाय तयार झाली. आज आपल्या जिल्ह्यातील गोठ्यात दिसणारी काळी-पांढरी गाय या अशाच कामातून आली आहे.

हे काम शिकण्याची सरकारी सोय आहे. राष्ट्रीय गोकुळ मिशनखाली 'मैत्री' नावाची योजना आहे. तीत ग्रामीण युवकांना तीन महिन्यांचे रेतनाचे प्रशिक्षण मिळते आणि साहित्यासाठी मदत होते. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ पाहते. निवड केव्हा आहे आणि शिक्षणाची अट काय आहे, हे पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारावे. ज्या प्रशिक्षणात गायीला हात न लावता केवळ वहीत टिपणे घेऊन प्रमाणपत्र मिळते, त्यासाठी पैसे भरू नयेत. हे काम हाताचे आहे आणि ते हातानेच शिकावे लागते.

एका फोनपासून एका वासरापर्यंत

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते एका उदाहरणाने पाहू. सकाळी सहा वाजता वस्तीवरून फोन येतो, "गाय माजावर आलीय." शिकलेला मुलगा लगेच गाडीला किक मारीत नाही. तो आधी चार प्रश्न विचारतो. माज केव्हा दिसला? गाय व्याल्याला किती दिवस झाले? बळस कसा आहे? मागच्या वेळी कोणत्या वळूचे रेत भरले होते?

प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायचे आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असा नियम आहे. कारण बीज माज संपल्यानंतर सुटते आणि फार लवकर भरलेले रेत तोवर टिकत नाही. व्याल्यापासून दोन महिने झाले नसतील तर गर्भाशय अजून पूर्वस्थितीला आलेले नसते, म्हणून तो माज सोडून द्यावा. बळस काचेसारखा स्वच्छ आणि तारेसारखा लोंबणारा असेल तर ठीक. तो गढूळ असेल, त्यात पांढरे धागे किंवा पू असेल तर गर्भाशयात दोष आहे. अशा गायीला रेत भरणे म्हणजे मालकाचे पैसे आणि आपले नाव दोन्ही घालवणे. तिथे डॉक्टरच हवा. चौथा प्रश्न वळूचा. रेताच्या बारीक नळीवर, जिला कांडी म्हणतात, वळूचा क्रमांक छापलेला असतो. बापाचेच रेत मुलीला भरले तर वंश कमकुवत होतो, म्हणून हा क्रमांक वहीत लिहून ठेवावा लागतो. पहिलटकर लहान कालवडीला फार थोराड वळूचे रेत भरले तर वासरू मोठे होते आणि विताना अडते, हेही ध्यानात ठेवायचे.

संध्याकाळी मुलगा गोठ्यात पोहोचतो. कांडी द्रवरूप नत्राच्या भांड्यात उणे १९६ अंश सेल्सियस तापमानाला ठेवलेली असते. ती चिमट्याने काढायची, पण बाकीच्या कांड्यांचा डबा भांड्याच्या गळ्यावर येऊ द्यायचा नाही. डबा काही सेकंद जरी जास्त वर राहिला तरी त्यातल्या कांड्या खराब होतात. काढलेली कांडी ३७ अंशाच्या कोमट पाण्यात ३० सेकंद धरायची. इथे अंदाज चालत नाही, थर्मामीटर लागतो. मग ती कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंबही रेताला मारक असतो. नंतर सरळ काप घेऊन ती रेतनाच्या नळीत बसवायची. हातमोजा घातलेला डावा हात गुदद्वारातून आत घालून गर्भाशयाचे मुख पकडायचे आणि उजव्या हाताने नळी त्या मुखातून सावकाश पार करायची. मुख ओलांडले की लगेच, गर्भाशयाच्या सुरुवातीला, रेत हळूहळू सोडायचे. नळी खोल घुसवली तर आतले अस्तर फाटते. पाहणाऱ्याला हे दोन मिनिटांचे काम वाटते, पण मुख हाताला ओळखू येण्यासाठी कित्येक गायी तपासाव्या लागतात.

मग वहीत तारीख, गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक आणि वळूचा क्रमांक लिहायचा. मालकाला सांगायचे की १८ ते २४ दिवसांच्या दरम्यान गायीवर लक्ष ठेवा. ती पुन्हा माजावर आली म्हणजे उलटली. उलटली नाही म्हणून ती गाभण आहे असे मात्र समजू नये. दोन-तीन महिन्यांनी हाताने तपासूनच ते पक्के होते. गाभण असेल तर भरल्यापासून सुमारे २८० दिवसांनी, म्हणजे नऊ महिने नऊ दिवसांनी गाय विते. म्हशीला आणखी महिनाभर लागतो.

चूक कुठे झाली हे वही सांगते

नव्या मुलाने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. चांगले काम करणाऱ्याच्याही शंभर रेतनांपैकी पस्तीस-चाळीसच गायी पहिल्या वेळी गाभण राहतात. उरलेल्या उलटतात. गावकऱ्यांना हे माहीत नसते. दोन गायी उलटल्या की "त्याचा हात चांगला नाही" असा बोलबाला होतो. आपला मुलगा असेल तर त्यापुढे आणखी दोन शब्द जोडले जातात, हे आम्ही नव्याने सांगावे असे नाही. त्याला उत्तर एकच आहे, आणि ते म्हणजे वही.

महिनाअखेर वही उघडावी. वीसपैकी सात-आठ गायी टिकल्या असतील तर हात ठीक आहे. निरनिराळ्या गोठ्यांतल्या जवळजवळ सगळ्याच उलटल्या असतील तर दोष आपल्याकडे आहे, आणि बहुधा तो नत्राच्या भांड्यात असतो. नत्र रोज थोडे थोडे उडून जाते. पट्टी बुडवून त्याची पातळी मोजावी लागते. एकदा का कांड्या उघड्या पडल्या की रेत मरते, आणि वरून पुन्हा नत्र ओतले तरी ते जिवंत होत नाही. मेलेली कांडी आणि चांगली कांडी डोळ्यांना सारखीच दिसते. म्हणून पातळी मोजण्यात एका दिवसाचाही आळस परवडत नाही.

एकाच मालकाच्या गायी उलटत असतील तर त्या गोठ्यात खनिजांची कमतरता आहे किंवा माज ओळखण्याची वेळ चुकते आहे. एकच गाय, बळस स्वच्छ असून, तीनदा उलटली तर चौथ्यांदा पैसे घेऊ नयेत, तिला डॉक्टरांकडे पाठवावे. असे सांगणारा मुलगा एका रेतनाचे पैसे गमावतो, पण त्या वस्तीवरचे पुढचे सगळे फोन त्यालाच येतात.

आता कमाईचे पाहू. समजा एका रेतनाला २०० रुपये मिळतात आणि महिन्याला १०० रेतने होतात. २०,००० रुपये आले. कांडीला ४० रुपयांप्रमाणे ४,००० गेले. हातमोजे आणि नळीचे आवरण यांचे १,०००. पेट्रोल ३,०००. नत्र, गाडीची दुरुस्ती आणि फोन यांचे २,०००. हाती १०,००० रुपये राहिले. पण पहिल्या वर्षी शंभर रेतने होत नाहीत, चाळीस झाली तरी पुष्कळ. तेव्हा ८,००० येतात. नत्र आणि गाडी यांचा खर्च मात्र फारसा कमी होत नाही, म्हणून हाती अडीच हजारच राहतात. पहिले वर्षभर घराला दुसऱ्या मिळकतीचा आधार असेल तरच या कामात उतरावे. पैसे रोख घ्यावेत. मोठ्या बागायतदाराकडे उधारी साठली की ती मागणे अवघड होते, आणि मागितलीच तर नाते बिघडते. "दादा, कांडी रोख आणावी लागते," असे पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे.

कायद्याची रेषा

इथवर वाचून एखाद्याला वाटेल की रेतन आले म्हणजे मुलगा 'डॉक्टर' झाला. गावातले लोकही त्याला डॉक्टर म्हणू लागतात, आणि धोका नेमका तिथेच आहे.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ या कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करण्याचा आणि जनावराच्या आरोग्याच्या दाखल्यावर सही करण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरालाच आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य सरकार काही किरकोळ पशुवैद्यकीय सेवांची परवानगी देऊ शकते, पण त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. आपल्या राज्याने २००९ साली तशी अधिसूचना काढली आहे. रेतन करणाऱ्यांची नोंदणी करणारा गोजातीय प्रजनन नियमनाचा कायदाही राज्याने २०२३ साली केला आहे. म्हणजे प्रशिक्षणाचा कागद, नोंदणी आणि ज्यांच्या देखरेखीखाली आपण काम करतो त्या डॉक्टरांचे नाव, या तीन गोष्टी हाती असल्याशिवाय बाहेर पडू नये.

ही रेषा केवळ कागदावरची नाही. एक उदाहरण देतो. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत अचानक बसते. कान थंड पडतात, मान वळवून ती पोटाशी लावते. हा दुग्धज्वर. रक्तातले कॅल्शियम दुधात ओढले गेल्याने तो होतो. मालक घाबरलेला असतो. हातात सुई धरणारा जवळचा माणूस म्हणजे रेतनाचा मुलगा. "तूच लाव की बाटली," असा आग्रह होतो. शिरेतून दिलेल्या कॅल्शियमने गाय तासाभरात उठूनही उभी राहते, आणि म्हणूनच मोह होतो. पण तीच बाटली भराभर सोडली तर गायीचे हृदय जागीच बंद पडते. ठोके ऐकत, सावकाश देण्याचे ते काम आहे. गाय मेली तर ऐंशी हजारांचे नुकसान कुणाच्या माथी बसेल? विनापरवाना उपचार केला म्हणून गुन्हा दाखल झाला तर गावात आपल्या बाजूने कोण उभे राहील? आपल्या मुलांनी याचा विचार इतरांपेक्षा अधिक करायला हवा. गायीला छातीवर नीट बसती ठेवायची, आडवी पडू द्यायची नाही, तोंडाने काही पाजायचे नाही आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवायचे. त्याच्या हातचे काम एवढेच.

दुसरी रेषा स्वतःच्या जिवाची. गाय गाभडली, वार अडकली, की लोक याच मुलाला हात घालायला लावतात. त्यात ब्रुसेला नावाचे जंतू असू शकतात आणि ते माणसाला लागतात. मग महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम आणि सांधेदुखी मागे लागते. गावातला डॉक्टर त्याला हिवताप किंवा टायफॉईड समजून औषध देत राहतो. म्हणून गाभडलेल्या गर्भाला आणि वारेला मोजे घातल्याशिवाय शिवू नये, आणि ताप हटत नसेल तर आपण जनावरांचे काम करतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. तसेच लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात "काटा अडकला असेल" म्हणून हात घालू नये. ते पिसाळलेले असू शकते.

पुढची पायरी

या वाटेवर वरच्या पायऱ्याही आहेत, आणि त्या आधी पाहून मग कुठून चढायचे ते ठरवावे. पशुसंवर्धनातील पदविका आहे. तिच्यावर जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षकाच्या जागा निघतात. मात्र पदविकेने स्वतंत्र दवाखाना काढता येत नाही, हे वरच्या कायद्यामुळे लक्षात आलेच असेल. पर्यवेक्षकाची भरती दरवर्षी होत नाही, मध्ये वर्षे जातात. त्या वर्षांत रेतनाचे काम घर चालवू शकते, म्हणून पदविका आणि रेतनाचा हात या दोन गोष्टी बरोबर असाव्यात.

बारावी विज्ञान शाखेत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेतलेल्यांसाठी बी. व्ही. एस्सी. ही पदवी आहे. प्रत्यक्ष कामाचे वर्ष धरून ती साडेपाच वर्षांची आहे आणि प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो. आपली मुले 'नीट' देतात, एम. बी. बी. एस. हुकले की वही मिटून ठेवतात, आणि त्याच गुणांवर पशुवैद्यकाचा वेगळा अर्ज भरायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. राज्यातील ही महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. त्यांत मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि साताऱ्याकडचे शिरवळ ही आहेत. या पदवीवर राज्य लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी, गट-अ हे पद मिळते. २०२५ साली आयोगाने या पदाच्या २,७९५ जागांची एकत्रित जाहिरात काढली होती. त्याआधी कित्येक दवाखाने डॉक्टरांवाचून होते. पण एवढी मोठी भरती झाली म्हणजे पुढची काही वर्षे लहान जाहिरातींची असणार, हे आज बारावीत असलेल्यांनी धरून चालावे आणि स्वतःच्या दवाखान्याचाही विचार ठेवावा.

प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याबरोबर पडताळणी प्रमाणपत्र लागते. ते अकरावीतच काढायला घ्यावे. निकालानंतर धावपळ केली तर तारीख निघून जाते. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रात १९९० पासून आहेत, पण केंद्राच्या कोट्यातील जागेसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा 'नवबौद्ध' दाखला तिथे परत येतो. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, या दोन्हींचे अर्ज प्रवेशाबरोबरच भरावेत.

एक इशारा. सरकारी वाटावे असे भारदस्त नाव घेऊन 'पशुपालना'च्या हजारो जागांच्या जाहिराती येतात आणि प्रत्येक अर्जाला शुल्क मागितले जाते. पद जिल्हा परिषदेचे, पशुसंवर्धन विभागाचे किंवा लोकसेवा आयोगाचे आहे का, एवढे तालुक्याच्या दवाखान्यात विचारून मगच पैसे भरावेत.

आमच्या भगिनींसाठीही यात जागा आहे. 'उमेद' अभियानात पशुसखी असतात. शेळ्यांचे जंतनाशक, लसीकरणाची आठवण, गोचीड-गोमाशांचा बंदोबस्त आणि प्रथमोपचार ही कामे त्या करतात. मोबदला थोडा असतो, पण गोठ्यातले काम बहुतेक घरांत बायाच करतात. गाय माजावर आल्याचे पहिल्यांदा त्यांनाच कळते, आणि त्या ते पशुसखीला मोकळेपणाने सांगतात.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन गाई घ्याव्यात का? अनुसूचित जातीच्या कुटुंबांना दुधाळ जनावरांसाठी ७५ टक्के अनुदानाची योजना राज्यात आहे. वैरणीची सोय असेल तर ती जरूर घ्यावी. गाई घेणार असाल तर काष्टी किंवा लोणीच्या बाजारात जाताना मालकाच्या सांगण्यावर जाऊ नये. दोन वेळचे दूध समोर काढून पाहावे आणि गाभण असल्याची खात्री जाणकाराच्या हाताने करून घ्यावी. तो जाणकार आपल्याच वस्तीतला असेल तर त्या एका तपासणीत घराचे ऐंशी हजार वाचतात. वैरण नसेल तर मात्र अनुदान मिळते म्हणून गाय घेऊ नये. घरातल्या मुलाला किंवा मुलीला प्रथम तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आठवडाभर डॉक्टरांची परवानगी घेऊन उभे करावे. शेणात हात घालायला ती कचरते की नाही, उधळणाऱ्या गायीजवळ तो टिकतो की नाही, हे आठ दिवसांत कळते. तोवर कोणत्याही वर्गाची फी भरू नये.